एक रुग्ण, एक केस प्रेझेंटेशन

नर्सिंगच्या विद्यार्थिनीला वॉर्डात एक रुग्ण नेमून दिला जातो. काही दिवस ती त्याची शुश्रूषा करते आणि नंतर ट्यूटर, वॉर्ड सिस्टर आणि वर्गमैत्रिणींसमोर त्या रुग्णाची संपूर्ण मांडणी करते. या मांडणीला केस प्रेझेंटेशन म्हणतात. तिचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: रुग्णाची ओळख, तक्रारी, हिस्ट्री, शारीरिक तपासणी, चाचण्या, आजाराची माहिती, औषधे, नर्सिंग डायग्नोसिस आणि त्यांवर आधारलेला केअर प्लॅन, रोजच्या नोंदी आणि शेवटी डिस्चार्ज प्लॅन. डॉक्टरांच्या केसमध्ये आजार कोणता आणि त्यावर उपचार काय, हा मुख्य प्रश्न असतो. नर्सिंगच्या केसमध्ये आजार आधीच ठरलेला असतो. त्या आजाराने या माणसाचे नेमके काय अडले आहे आणि त्यातले काय परिचारिकेच्या हातात आहे, एवढेच शोधायचे असते.

हा क्रम समजून घेण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या पुरुष शल्य वॉर्डात नेहमी दिसणारी एक केस घेता येईल. वय ५६, शेतकरी, उजव्या पायाच्या तळव्याला जखम, नऊ वर्षांपासून मधुमेह. रुग्ण कल्पित आहे, पण अशा रुग्णाची खाट बहुतेक शल्य वॉर्डांत असतेच.

ओळखीच्या भागात वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, गाव, दाखल झाल्याची तारीख आणि डॉक्टरांचे निदान लिहितात. नाव मात्र सांगत नाहीत. आद्याक्षर किंवा खाट क्रमांक पुरतो. माहिती घेण्यापूर्वी रुग्णाला ती कशासाठी हवी आहे हे सांगून त्याची संमती घेतात. यानंतर मुख्य तक्रारी येतात. त्या रुग्णाच्या शब्दांत आणि कालावधीसह लिहायच्या असतात: उजव्या तळव्याला जखम, तीन आठवडे; जखमेतून घाण वास येणारे पाणी, आठ दिवस; ताप, चार दिवस. ‘डायबेटिक फूट अल्सर’ हे निदान आहे, तक्रार नाही. ते तक्रारींच्या रकान्यात लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने रुग्णाऐवजी केस पेपरला प्रश्न विचारलेले असतात, आणि अनुभवी ट्यूटरला ते पहिल्याच मिनिटात कळते.

सध्याच्या आजाराची हिस्ट्री घटनाक्रमाने लिहितात. शेतात उसाला पाणी देताना अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडला. तो काढला, पण टोक आत राहिले असावे. तीन-चार दिवसांनी बायकोला घरातल्या फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा जखम आहे हे कळले. हळद-तेल लावले, फडके बांधले, काम चालू ठेवले. ताप येऊन थंडी वाजू लागल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले आणि तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवले गेले. एवढे लिहून अनेक जणी पुढच्या मथळ्याकडे वळतात. पण इथे एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो: पायात काटा मोडून तीन आठवडे झाले, मग हा माणूस चालत कसा होता?

“काका, दुखत नव्हतं का?”

“दुखलं आसतं तर आदीच आलो नसतो का, सिस्टर?”

पुढची अर्धी केस या एका उत्तरावर उभी राहते. मधुमेहाने पायाच्या नसांची संवेदना गेली की वेदना हा शरीराचा पहारेकरी गैरहजर होतो. काटा टोचलेला कळत नाही, दगड रुतलेला कळत नाही, आणि जखमेवर रोज पूर्ण वजन टाकून चालले तरी कळत नाही. जखम तीन आठवडे वाढत राहण्याला निष्काळजीपणापेक्षा हे कारण मोठे आहे. हिस्ट्री लिहिणाऱ्या हाताने ‘वेदना नाही’ एवढी नकारात्मक नोंद केली नाही, तर पुढचे सगळे पुस्तकातल्या रुग्णाबद्दलचे होते.

पूर्वीच्या आजारांत मधुमेह येतो. नऊ वर्षांपूर्वी निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि दोन वर्षांपूर्वी एकदा ‘शुगर नॉर्मल आली’ म्हणून रुग्णाने स्वतःच त्या बंद केल्या. असे सांगणारे रुग्ण इतके आढळतात की हा प्रश्न न विचारणे ही चूकच धरावी. कौटुंबिक हिस्ट्रीत वंशवृक्ष काढतात. या रुग्णाच्या आईला मधुमेह होता आणि थोरल्या भावाच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. हा दुसरा तपशील भीतीच्या रूपाने पुढे पुन्हा भेटतो.

वैयक्तिक आणि सामाजिक हिस्ट्री हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग समजला जातो. ‘शाकाहारी, पक्के घर, स्वच्छता समाधानकारक’ अशा तीन ओळींत तो उरकला जातो. वास्तविक डिस्चार्ज प्लॅनचा कच्चा माल इथेच असतो. या रुग्णाबद्दल इथे पाच गोष्टी कळल्या. शेतीपंपाला वीज आळीपाळीने रात्री येते, म्हणून पाणी द्यायला रात्री जावे लागते. घरात फ्रिज नाही. डोळ्यांना अंधूक दिसते. गळ्यात माळ आहे आणि एकादशी मोडलेली नाही. घरात बायको, मुलगा, दहावी झालेली सून आणि दोन नातवंडे आहेत. या पाचांपैकी एकही गोष्ट प्रयोगशाळेच्या अहवालात सापडत नाही, आणि पाचही इन्सुलिनशी येऊन भिडतात.

हिस्ट्री गोळा करायला कोणती चौकट वापरावी याबद्दल वेगवेगळ्या शाळा आहेत. अमेरिकन परिचारिका-अध्यापिका मार्जोरी गॉर्डन यांची अकरा ‘कार्यात्मक आरोग्य आकृतिबंधां’ची चौकट पुष्कळ ठिकाणी वापरतात. आहार, उत्सर्जन, झोप, हालचाल, नातेसंबंध, श्रद्धा अशा बाजूंनी माणसाकडे पाहायला ती लावते. चौकटीचा फायदा असा, की एकादशीचा प्रश्न विसरला जात नाही.

शारीरिक तपासणी डोक्यापासून पायापर्यंत, ठरलेल्या क्रमाने करतात: पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून आवाज पाहणे, स्टेथोस्कोपने ऐकणे. पोट तपासताना मात्र ऐकणे आधी आणि हात लावणे नंतर, कारण चाचपल्याने आतड्याचे आवाज बदलू शकतात. दाखल होताना या रुग्णाचा ताप १०१.२ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला १०८, श्वसन २० आणि रक्तदाब १३८/८६ होता. प्रेझेंटेशनमध्ये सर्व अवयवांची यादी वाचून दाखवणे अपेक्षित असले, तरी वेळ कुठे घालवायचा हे रुग्णावरून ठरते. इथे तो पायांवर घालवायचा.

जखमेचे वर्णन ‘तळव्याला मोठी जखम’ असे करून चालत नाही. जागा, लांबी-रुंदी-खोली, तळ, कडा, स्राव, वास आणि भोवतालची त्वचा एवढे सगळे लागते. ही जखम अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या ज्या उंचवट्यावर चालताना भार येतो तिथे होती. ३ × २ सेंटीमीटर, तळाशी पिवळट मृत ऊतींचा थर, कडांना जाड घट्टा, दुर्गंधीयुक्त स्राव, भोवती अडीच सेंटीमीटरपर्यंत लाली आणि उष्णता. लालीच्या कडेने त्वचेवर पेनने रेघ मारून तारीख-वेळ लिहितात. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली आहे का, हे कोणत्याही पाळीच्या सिस्टरला एका नजरेत कळते.

संवेदनेसाठी दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात. नायलॉनचा हा जाडसर धागा त्वचेवर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबतात. वाकला की दाब दहा ग्रॅमचा झाला असे समजतात. रुग्णाने डोळे मिटून स्पर्श जाणवल्यावर सांगायचे असते. घट्ट्यावर किंवा जखमेवर ही तपासणी करत नाहीत, नाहीतर निकाल फसवा येतो. या रुग्णाला उजव्या पायावर तपासलेल्या दहापैकी सात ठिकाणी स्पर्श कळला नाही. पायाच्या पाठीवरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची अशा दोन्ही नाड्या मात्र हाताला लागत होत्या. नस गेली आहे, रक्तपुरवठा बहुधा शाबूत आहे, असा याचा अर्थ, आणि जखम भरण्याच्या दृष्टीने तो आशादायक आहे. डावा पायही तपासायचाच असतो. या रुग्णाची डावी टाच कोरडी आणि भेगाळलेली होती. तीच उद्याच्या जखमेची जागा ठरू शकते.

चाचण्यांच्या तक्त्यात रुग्णाचा आकडा, सामान्य मर्यादा आणि अर्थ असे तीन रकाने असतात. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तक्ता लिहिण्याला अर्थ नाही. दाखल होतानाची रक्तशर्करा ३४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होती आणि एचबीए१सी ११.२ टक्के. पहिला आकडा त्या क्षणाचा, दुसरा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांचा. गोळ्या बंद असल्याचे रुग्णाने जे सांगितले, ते दुसऱ्या आकड्याने पक्के होते. पांढऱ्या पेशी १६,४०० होत्या, म्हणजे संसर्ग जोरात. हिमोग्लोबिन ९.८ होते, म्हणजे जखम भरून यायला लागणारा साठा कमी. एक्स-रेमध्ये हाडापर्यंत संसर्ग गेल्याचे दिसले नाही, पण सुरुवातीच्या काळात एक्स-रेमध्ये तो दिसतोच असे नाही, हेही सांगावे लागते.

पुढचा भाग आजाराच्या माहितीचा. त्यात ‘पुस्तकातले चित्र’ आणि ‘रुग्णातले चित्र’ असे दोन रकाने समोरासमोर मांडण्याची पद्धत आहे. पुस्तकात संवेदनानाशाची लक्षणे म्हणून पायांची आग, मुंग्या, बधिरपणा दिलेला असतो. या रुग्णात फक्त बधिरपणा होता. फरक दाखवण्यासाठीच दोन रकाने केलेले असतात. तरीही अनेक वह्यांत दुसरा रकाना पहिल्याची नक्कल असतो. पानभर शरीररचना आणि आकृत्या काढण्यात विद्यार्थिनींचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो; खरे तर तो सर्वांत कमी जायला हवा, कारण हा मजकूर कोणाच्याही केसला लागू पडतो.

औषधांच्या तक्त्यातही तोच मोह असतो. नाव, मात्रा, मार्ग, वेळ, कार्य, दुष्परिणाम हे सगळे औषधांच्या पुस्तकातून उतरवता येते. शेवटचा रकाना, म्हणजे परिचारिकेची जबाबदारी, मात्र वॉर्ड पाहून लिहावा लागतो. या रुग्णाला प्रतिजैविकांची इंजेक्शने चालू होती आणि जेवणाआधी साधे इन्सुलिन दिले जात होते. हे इन्सुलिन साधारण अर्धा तास आधी देतात. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता इन्सुलिन दिले गेले आणि जेवणाची ट्रॉली एकला पाच मिनिटे कमी असताना आली. तोवर रुग्णाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. रक्तशर्करा ६२ निघाली. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ९४ आली, मग जेवण दिले. त्या दिवसाच्या नोंदीत हे सारे वेळांसह आले आणि केअर प्लॅनमध्ये एक ओळ वाढली: ट्रॉली वॉर्डाच्या मजल्यावर आल्याची खात्री करूनच इन्सुलिन द्यावे.

आता नर्सिंग डायग्नोसिस. ही कल्पना तशी अलीकडची आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात क्रिस्टीन गेबी आणि मेरी अॅन लॅव्हिन यांच्या पुढाकाराने परिचारिकांची एक परिषद भरली. परिचारिका ज्या अडचणी स्वतःच्या अधिकारात ओळखतात आणि हाताळतात, त्यांना एकसारखी नावे द्यावीत हा तिचा हेतू होता. त्यातून १९८२ मध्ये ‘नांदा’ ही संघटना उभी राहिली. गॉर्डन तिच्या पहिल्या अध्यक्ष. आज विद्यार्थिनी जी छापील यादी वापरतात ती मुख्यतः याच संघटनेची असते. यादी वेळोवेळी बदलते, नावे सुधारली जातात, काही वगळली जातात. म्हणून कोणती आवृत्ती वापरली हे सांगण्याची पद्धत आहे.

नर्सिंग डायग्नोसिसचे पूर्ण वाक्य तीन भागांचे असते: अडचण, तिचे कारण आणि पुरावा. या केसमधले पहिले वाक्य असे होईल: ‘उजव्या तळव्याच्या ऊतींची हानी, संवेदना गेल्याने न कळलेली इजा आणि जखमेवर पडत राहिलेला भार यांच्याशी संबंधित, पुरावा म्हणून ३ × २ सेंटीमीटरची, पिवळट थर असलेली जखम.’ कारणाच्या जागी नुसते ‘मधुमेह’ लिहिले तर वाक्य निकामी होते. मधुमेह परिचारिका बरा करत नाही. जखमेवरचा भार मात्र ती हटवू शकते. कारण असे निवडायचे की त्यावर शुश्रूषेचा हात पोहोचेल. जे अजून घडलेले नाही पण घडू शकते, त्याला ‘जोखीम’ म्हणतात. त्याच्या वाक्यात पुरावा नसतो, फक्त जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी असतात. ‘पडण्याची जोखीम, पुरावा म्हणून रुग्ण पडला’ असे कोणी लिहिले की ट्यूटरचे लाल पेन चालते.

या केसमधली ठरलेली चूक वेगळीच आहे. पायाला एवढी जखम, म्हणजे पहिले डायग्नोसिस ‘तीव्र वेदना’, असे हात सवयीने लिहून जातो. पुस्तकातल्या नमुना केअर प्लॅनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर छापलेले असते. खाली पुरावा म्हणून ‘रुग्ण वेदनेची तक्रार करतो’ हेही येते. हिस्ट्रीत मात्र रुग्णाने नेमके उलटे सांगितलेले असते. दोन पाने एकमेकांसमोर ठेवली की नक्कल उघडी पडते. इथे वेदना नसणे हीच अडचण आहे, आणि ती पहिल्या डायग्नोसिसच्या कारणात बसली आहे.

मग डायग्नोसिस किती आणि कोणत्या क्रमाने? पहिल्या दिवशी ऊतींची हानी आणि रक्तशर्करेची अस्थिरता या दोन अडचणी वर राहतात, कारण संसर्ग पसरला तर पाय जाईल आणि रक्तशर्करा आवरली नाही तर संसर्ग आवरणार नाही. ताप त्यांच्याच मागोमाग येतो. त्यानंतर कुबड्यांवर चालायला लागल्यामुळे पडण्याची जोखीम, पाय कापावा लागेल ही भीती, आणि आजाराची निगा स्वतः घेण्यातली उणीव. भीतीचा पुरावा भावाच्या दोन बोटांत आहे. रात्री झोप येत नाही असे रुग्णाने सांगितले, तेव्हा झोपेच्या तक्रारीचे वेगळे डायग्नोसिस लिहिण्यापेक्षा ती भीतीखालीच घेणे बरे. दहा डायग्नोसिसची यादी चारपेक्षा भारी दिसते, पण त्यातल्या सहांवर वॉर्डात कोणीच काही केलेले नसते. क्रम रोज बदलू शकतो: तिसऱ्या दिवशी शर्करा ६२ झाली त्या तासाला बाकी सगळे मागे पडले.

प्रत्येक डायग्नोसिसखाली उद्दिष्ट, कृती, कृतीमागचे कारण आणि मूल्यमापन येते. ‘जखम बरी होईल’ हे उद्दिष्ट नव्हे. मधुमेही पायाची अशी जखम भरायला आठवडे, कधी महिने लागतात. ‘पाच दिवसांत जखमेच्या तळाचा पिवळा थर निम्म्याहून कमी होईल आणि लाली पेनच्या रेघेबाहेर जाणार नाही’ हे मोजता येते. कृतींत ड्रेसिंग, रोजचे मोजमाप, तापमान येते, पण मुख्य कृती भार हटवण्याची असते. पाय पलंगावर ठेवणे, शौचालयापर्यंत कुबड्यांवर किंवा व्हीलचेअरवर नेणे, टाचेखाली उशी देऊन ती अधांतरी ठेवणे. इथे एक अडचण हमखास येते. ज्याला दुखत नाही तो मध्यरात्री उठून सरळ चालत जातो. या रुग्णाच्या बाबतीत दोनदा असे झाले. मग कुबड्या भिंतीशी न ठेवता पलंगाच्या कठड्याला अडकवल्या गेल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकालाही सांगून ठेवले गेले. केअर प्लॅनमध्ये लिहायच्या त्या अशा कृती.

मूल्यमापनात प्रामाणिकपणाची कसोटी लागते. दुसऱ्या दिवशी शल्यचिकित्सकांनी मृत ऊती कापून काढल्या. पाचव्या दिवशीचे मोजमाप ३.६ × २.६ सेंटीमीटर आले, म्हणजे जखम आधीपेक्षा मोठी. मृत भाग काढल्यावर ती आधी मोठीच होते. पण पुस्तकात ‘जखमेचा आकार कमी झाला’ असे छापलेले असते, म्हणून वहीतही तेच उतरते. योग्य नोंद अशी: आकार वाढला, कारण मृत ऊती काढल्या, तळ आता तीन-चतुर्थांश लालसर, दाणेदार, दुर्गंधी नाही, लाली रेघेच्या आत एक सेंटीमीटर सरकली, ताप तिसऱ्या दिवसापासून नाही. उद्दिष्ट पूर्ण, आणि भार हटवण्याची कृती पुढे चालू.

बहुतेक महाविद्यालयांत एखाद्या नर्सिंग सिद्धान्ताशी केस जोडायला सांगतात. हा भाग अनेकदा चिकटवल्यासारखा वाटतो. या केसला डोरोथिया ओरेम यांचा स्वयंनिगेचा सिद्धान्त बेताने बसतो. रुग्ण स्वतःसाठी काय करू शकत नाही ते परिचारिकेने करायचे. काही करू शकतो तिथे अर्धे तिने, अर्धे त्याने. आणि पुढे फक्त शिकवण आणि आधार. पहिल्या दिवशी इन्सुलिन पूर्णपणे सिस्टरच्या हातात होते आणि नवव्या दिवशी ते घरच्यांच्या हातात गेले, एवढे दोन परिच्छेदांत दाखवले तरी पुष्कळ झाले.

डिस्चार्ज प्लॅन शेवटी सांगितला जातो, पण त्याची सुरुवात दाखल झाल्याच्या दिवशीच करायची असते. ‘आहार नियमित घ्या, औषधे वेळेवर घ्या, स्वच्छता राखा, तपासणीला या’ ही चार वाक्ये कोणत्याही रुग्णाच्या कार्डावर शोभतात, म्हणून या रुग्णाच्या कार्डावर ती कुचकामी आहेत. इथे सामाजिक हिस्ट्रीतल्या त्या पाच गोष्टी एकेक करून कामाला येतात.

घरी सकाळी आणि संध्याकाळी मिश्र इन्सुलिन द्यायचे ठरले. रुग्णाला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून शिकवायचे त्याला नव्हे, सुनेला. ती चौथ्या दिवसापासून रोज संध्याकाळी वॉर्डात येऊन सिस्टरच्या देखत इन्सुलिन भरू लागली. कुपी तळहातांमध्ये हलके फिरवून एकसारखी गढूळ करणे, हवा काढणे, पोटावर जागा बदलत टोचणे हे तिने करून दाखवेपर्यंत ‘शिकवले’ अशी नोंद करायची नसते. सिरिंजची बाब वेगळी बजावावी लागते. भारतात ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या कुप्या आणि त्यांच्या लाल टोपणाच्या सिरिंजा सर्रास मिळतात. १०० युनिटच्या सिरिंजचे टोपण केशरी असते. ४० च्या कुपीतले इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये १४ च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात साडेपाच युनिटांच्या आसपासच जाते. उलट अदलाबदल झाली तर अडीचपट जाते, आणि ते जिवावर बेतू शकते. गावातल्या दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हणून दुसरी सिरिंज दिली तर घ्यायची नाही, हे सुनेला कुपी आणि सिरिंज हातात देऊन सांगितले गेले.

फ्रिज नसल्याने इन्सुलिन मातीच्या मडक्यात ठेवायचे. मोठ्या मडक्यात थोडे पाणी किंवा ओली वाळू, त्यात छोटे मडके, त्यात कोरड्या पिशवीत कुपी, आणि वर झाकण. जागा सावलीची, चुलीपासून दूर. उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची.

रात्रीचे पाणी देणे हा सर्वांत अवघड मुद्दा होता. जखम भरेपर्यंत ते काम मुलाने करायचे, हे रुग्णाऐवजी मुलाशी बोलून ठरवले गेले. त्यानंतरही संध्याकाळचे इन्सुलिन घेऊन, घाईत जेवण सोडून शेतात गेले तर मध्यरात्री शर्करा घसरण्याचा धोका राहतो. खिशात साखरेची पुडी, पायात बूट, आणि जेवल्याशिवाय बाहेर नाही, असे तीन नियम ठरले. एकादशीबद्दल ‘उपवास बंद’ असे लिहून मोकळे होता येते. पण माळकरी माणूस तो करणारच आणि सांगणार नाही. म्हणून डॉक्टरांशी बोलून उपवासाच्या दिवसाची इन्सुलिनची मात्रा लेखी घेतली गेली आणि निराहाराऐवजी ठरलेल्या वेळी फराळ करण्यावर तडजोड झाली.

पायाची निगा बायकोकडे. रुग्णाला स्वतःचा तळवा दिसत नाही, त्यात नजर अधू. रोज संध्याकाळी दिव्याखाली दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचांच्या भेगा पाहायच्या. भेगांना खोबरेल चालते, बेचक्यांत मात्र लावायचे नाही. तिथे ओल राहून बुरशी धरते. पाय शेकायचे नाहीत आणि गरम पाण्याचा अंदाज पायाने घ्यायचा नाही, कारण भाजलेलेही कळणार नाही. घट्टा ब्लेडने कापायचा नाही. जखम भरल्यावर एमसीआर रबराची मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल वापरायची. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी ती बऱ्याच काळापासून वापरात आहे. घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा.

ड्रेसिंगसाठी दिवसाआड प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आठवड्यातून एकदा जिल्हा रुग्णालयाच्या शल्य बाह्यरुग्ण विभागात जायचे. डोळ्यांच्या विभागाची तारीख डिस्चार्जपूर्वीच घेतली गेली. आरोग्य केंद्राच्या सिस्टरसाठी वेगळी चिठ्ठी दिली: जखमेचे शेवटचे मोजमाप, ड्रेसिंगची पद्धत, इन्सुलिनची मात्रा. तारखेची वाट न पाहता लगेच परत येण्याची लक्षणे कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिली: नवी लाली, सूज, वास, पू, बोट काळे पडणे, ताप, शर्करा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर. ‘दुखल्यास यावे’ ही छापील ओळ खोडून तिथे ‘दुखत नसले तरी यावे’ असे लिहिले, आणि काय शिकवले, कोणाला शिकवले, कोणी करून दाखवले याची नोंद तारखेसह करून सुनेची सही घेतली.